दुकानाची वेबसाइट सुरू होतेय? कामगारांसमोर काय बोलायचं, कसं बोलायचं, पायरी पायरीने

घरच्या धंद्याची वेबसाइट करायची म्हटलं की बनवणाऱ्याबरोबर महिनोन्महिने मीटिंगा होतात, फोटो निघतात, रंग ठरतात, आणि जी माणसं रोज पाकीट भरणार, डबा बांधणार, कुरियरवाल्याच्या हातात देणार, त्यांना मात्र सुरू होण्याच्या दिवशी पेढा देऊन "आपली वेबसाइट आली बरं का" एवढंच सांगतात. मग पहिली ऑर्डर येते आणि ती कुणी बघायची हेच कुणाला माहीत नसतं.

आमचा धंदा कोल्हापूर भागातला. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, पापड. सासऱ्यांनी सुरू केलेलं दुकान, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आता नवरा आणि दीर बघतात, वेबसाइटचं काम माझ्याकडे. काउंटर, मिरची-मसाला कुटायचा डंख, पॅकिंग, हिशेब, टेम्पो मिळून बारा माणसं, त्यातली निम्मी माझ्या लग्नाआधीपासूनची. या माणसांसमोर वेबसाइटबद्दल आणि त्यांच्या नव्या कामाबद्दल बोलायचं कसं हे मी करून बघितलंय, तेच इथे लिहितेय. तुमचा धंदा साड्यांचा असो नाहीतर चपलांचा, क्रम साधारण हाच राहील, फक्त वस्तू बदला.

माझं म्हणणं एकच आहे. हे भाषण वेबसाइटबद्दल करू नका, एका ऑर्डरबद्दल करा. ऑर्डर आली तिथपासून ती गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत कुणाच्या हातात किती वाजता काय येणार, एवढं नावानिशी सांगा. बाकी सगळं त्यातच येतं.

१. आधी घरात मिटवा

कामगारांना बोलवायच्या आधी घरातल्यांनी बसायचं. घरच्या धंद्यात कामगाराला खरी भीती वेबसाइटची नसते, दोन मालक दोन गोष्टी सांगतील आणि मधल्या मधे आपण सापडू याची असते. अण्णा म्हणणार आधी समोरचं गिऱ्हाईक, मी म्हणणार आधी ऑर्डर बांधा, आणि मावशी हातात पाकीट घेऊन उभ्या.

तीन गोष्टी नक्की करा आणि कागदावर लिहा. पहिली, वेबसाइटच्या ऑर्डरीत शेवटचा शब्द कुणाचा. आमच्याकडे माझा, मी नसेन तर दिराचा, तिसरं कुणी नाही. दुसरी, गिऱ्हाइकाला पैसे परत द्यायचे असतील तर कुणी द्यायचे. तिसरी, भाव बदलला तर कोण कुणाला सांगणार. ही तिसरी बारीक वाटते पण फार नडते. ब्याडगीचा भाव चढला की काउंटरवर नवा दर लगेच लागतो, वेबसाइटवर जुनाच राहतो. आणि उलट, वेबसाइटवर दर वाढवला पण पाकिटावर जुनी एमआरपी छापलेली, तर छापल्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ते कायद्यात बसत नाही. म्हणून नव्या छपाईची पाकिटं रॅकवर आल्यावरच वेबसाइटचा दर बदलायचा, असं ठरवून टाका.

२. एक खरी ऑर्डर आधी फिरवून बघा

भाषण लिहायला बसायच्या आधी लांबच्या एखाद्या नातेवाइकाला ऑर्डर टाकायला सांगा. खरे पैसे, खरा पत्ता. आमची नागपूरच्या आत्यांनी टाकली: कांदा-लसूण मसाला अर्धा किलोची दोन पाकिटं, प्रत्येकी २६० रुपये, आणि शेंगदाणा चटणी पाव किलो १२० रुपये, एकूण ६४०. सहाशेच्या वर पाठवणावळ आमची.

ही ऑर्डर स्वतः हातात घेऊन दुकानात फिरा आणि ती कुठे कुठे अडते ते लिहीत जा. जिथे अडली ती जागा म्हणजे भाषणातलं एक वाक्य. लेबलचा प्रिंटर माडीवर आणि पॅकिंग खाली, म्हणजे प्रिंटर खाली आणायचा. चटणीचं पाकीट काउंटरच्या कपाटात, म्हणजे पॅकिंगवाल्या मावशी सारख्या काउंटरवाल्याला हाक मारणार. असल्या गोष्टी टेबलावर बसून सुचत नाहीत.

बोलायच्या दिवशी हे सगळं तयार हवं:

- त्या ऑर्डरचा कागद, मोठ्या अक्षरात, मराठीत
- बांधलेला खरा डबा, लेबल लावलेला
- वजनकाटा आणि मोजपट्टी
- वेबसाइटच्या कामासाठी दुकानाचा वेगळा फोन, दुकानाच्या नावावरचं सिम घातलेला
- एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना नंबर आणि जीएसटी नंबर, गिऱ्हाइकाने फोनवर विचारला तर वाचून दाखवता येईल असा मोठा लिहून भिंतीवर
- कामाची वाटणी लिहिलेला एक पांढरा पुठ्ठा आणि मार्कर

३. दिवस आणि जागा

पगाराच्या दिवशी नको, त्या दिवशी लक्ष पाकिटात असतं. बाजाराच्या दिवशी नको. आणि मसाल्याचा धंदा असेल तर मार्च ते मे अजिबात नको, मिरच्या वाळत असतात, डंख सकाळपासून चालू असतो, कुणाला उसंत नसते. आम्ही पावसाळ्यात घेतलं, काम जरा सैल असतं तेव्हा.

दुकान उघडायच्या आधी पाऊण तास, आणि तो पाऊण तास पगारी धरायचा, हे आदल्या दिवशी सांगून टाका. जागा म्हणजे जिथे डबे बांधणार तीच. माडीवर खुर्च्या मांडून, पडद्यावर चित्रं दाखवून केलं की माणसं पाहुण्यासारखी बसतात आणि मान हलवतात. गोदामात पोत्यावर बसून केलं की मधेच बोलतात, आणि ते मधेच बोलणंच आपल्याला हवंय. चहा आधी द्या, शेवटी ठेवला तर शेवटची दहा मिनिटं सगळे किटलीकडे बघतात.

४. पहिली दोन मिनिटं घरातल्या मोठ्यांची

ही पायरी गाळू नका. नव्या पिढीतलं कुणी उभं राहून बोलायला लागलं की जुन्या माणसांना ते पोरांचं खूळ वाटतं, आणि चार दिवसांनी बंद पडेल म्हणून वाट बघतात. ज्यांनी त्यांना कामावर ठेवलं त्यांनीच आधी बोलायला हवं. पण त्यांना लिहून द्या, नाहीतर दुकान कसं सुरू झालं इथून सुरुवात होते आणि अर्धा तास जातो. अण्णांनी साधारण हे बोललं:

"आजपासून आपला माल दुकानात न येणाऱ्या माणसालाही मिळणार. पुण्याला, मुंबईला गेलेली आपली गिऱ्हाइकं इथे आली की पाच-पाच किलो नेतात, मग वर्षभर त्यांना मिळत नाही. त्यांच्यासाठी हे आहे. यामुळे कुणाचंही काम जाणार नाही, हे मी सांगतोय. काम थोडं बदलेल. कुणाचं काय बदलेल ते आता सूनबाई सांगतील, आणि त्या जे सांगतील ते मी सांगितलं असं धरा."

शेवटचं वाक्य मोठ्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर येणं फार गरजेचं आहे. पुढे काउंटरवर गर्दी असताना मी "डबा आधी बांधा" म्हटलं तर ते याच वाक्याच्या जोरावर चालतं. "कुणाचंही काम जाणार नाही" हे मात्र खरं असेल तरच बोला. एखाद्याचे तास कमी होणार असतील तर त्या माणसाला आधी एकटं बोलावून सांगा, सगळ्यांच्या देखत त्याला ते कळू नये.

५. मग एक ऑर्डर हातात घ्या आणि चालायला लागा

हा भाषणाचा मुख्य भाग, पंचवीस मिनिटं याला द्या. मी आत्यांच्या ऑर्डरचा कागद हातात घेतला आणि तो ज्याच्याकडे जाणार त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. खाली माझं बोलणं आणि त्यामागचं कारण दोन्ही देते.

ऑर्डर बघणं. काउंटरवरच्या पोरीकडे हे काम दिलं, ती बारावी झालेली आहे आणि फोन तिच्या हातात छान चालतो. "सकाळी दहाला आणि दुपारी तीनला तू ऑर्डरी बघायच्या. मधे बघितल्या नाहीस तरी चालेल. दहाच्या आधी आलेल्या त्याच दिवशी जाणार, नंतरच्या दुसऱ्या दिवशी. तीनला बघायचं ते उद्याचा माल रॅकवर आहे का यासाठी." दोन ठरलेल्या वेळा दिल्या नाहीत तर माणूस दिवसभर फोन बघत बसतो आणि समोरचं गिऱ्हाईक ताटकळतं.

आमची साइट वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर आहे, तिथे ऑर्डरपुढे इंग्रजीत एक शब्द दिसतो. तो शब्द ओळखता आला की अर्धं काम झालं, म्हणून मी तीनच शब्द पुठ्ठ्यावर लिहून दाखवले. `Pending payment` म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे भरलेले नाहीत, हात लावायचा नाही. `Processing` म्हणजे बांधायला घ्यायची. `Completed` म्हणजे गेली, आणि हे बटण डबा कुरियरवाल्याने नेल्यावरच दाबायचं, कारण ते दाबलं की गिऱ्हाइकाला ऑर्डर पूर्ण झाल्याचा ईमेल आपोआप जातो. डबा इथे पडून आणि तिकडे ईमेल पोचला की फोन सुरू होतात.

यात एक खाच आहे, नवीन माणसं हमखास फसतात. घरपोच पैसे देणाऱ्याची ऑर्डरसुद्धा `Processing` मध्येच येते. म्हणजे शब्द तोच पण पैसे आलेले नसतात. त्यामुळे शब्दाबरोबर पैसे कसे देणार ही ओळही वाचायची, आणि घरपोच पैशाची असेल तर बांधण्याआधी एक फोन करायचा: "ताई, तुम्ही मसाला मागवलाय ना, पत्ता बरोबर आहे ना, पिनकोड ४४० ने सुरू होतो ना." फोन उचलला नाही तर डबा थांबवायचा. गिऱ्हाइकाने दारात नको म्हटलं की डबा परत येतो आणि येण्याजाण्याचं भाडं आपल्यावर बसतं.

माल काढणं. आता मावशींकडे वळायचं. "मावशी, हा लोखंडी रॅक आजपासून फक्त वेबसाइटचा. यातलं पाकीट काउंटरला द्यायचं नाही, अण्णांनी मागितलं तरी." हे वाक्य मी अण्णांना आधी विचारून, त्यांच्यासमोर बोलले. कारण असं की वेबसाइटला माहीत असतो फक्त तिच्यात भरलेला आकडा. काउंटरवर शेवटची चार पाकिटं विकली गेली हे तिला कळत नाही, ती विकतच राहते, आणि मग गिऱ्हाइकाने पैसे भरलेत आणि माल नाही अशी वेळ येते. मोठी दुकानं यासाठी काउंटरचं बिलिंग आणि साइट जोडून घेतात, आपल्यासारख्याला वेगळा रॅक पुरतो. रॅकवर वीस पाकिटं तर साइटवर वीस. रोज सकाळी मावशी मोजणार आणि पोरगी साइटवर बघणार, आकडा जुळला नाही तर मला फोन. मोजताना एक लक्षात ठेवायचं, आदल्या दिवशीची ऑर्डर बांधायची राहिली असेल तर ती पाकिटं साइटने आधीच वजा केलेली असतात, रॅकवर मात्र दिसतात. ती बाजूच्या टोपलीत काढून मगच मोजायचं.

काउंटरला कमी पडलं तर रॅकवरून घेता येतं, पण आधी साइटवरचा आकडा कमी करायचा, मग पाकीट उचलायचं. हा क्रम उलटा केला की घोळ झालाच.

तारखेचंही इथेच सांगा. खाण्याच्या ऑनलाइन मालाला गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मुदतीतला किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत असं एफएसएसएआयचं सांगणं आहे. मावशींना टक्के सांगू नका. "मुदत संपायला चार महिन्यांहून कमी राहिलेलं पाकीट या रॅकवर नको, ते काउंटरला," एवढं पुरतं. आमच्या मसाल्याला वर्षाची मुदत आहे म्हणून हा आकडा बसतो, तुमच्या मालाची मुदत बघून तुमचा काढा.

बांधणं. इथे मी दोन रिकामे डबे दाखवले आणि मोजपट्टी काढली, आणि इथेच सगळे खरे जागे झाले. कुरियरवाला खरं वजन आणि डब्याच्या आकाराचं वजन यातलं जे जास्त ते लावतो. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. आत्यांच्या ऑर्डरचं खरं वजन डब्यासकट १ किलो ४०० ग्रॅम. मोठा डबा ३० बाय २० बाय १५, गुणाकार ९०००, भागल्यावर १.८ किलो. आमच्या कुरियरचे दर अर्ध्या अर्ध्या किलोचे, म्हणजे लागले दोन किलोचे पैसे. त्याहून लहान डबा २५ बाय १८ बाय १२, गुणाकार ५४००, भागल्यावर १.०८. ते खऱ्या वजनापेक्षा कमी, म्हणून खरं वजन धरलं, लागले दीड किलोचे. माल तोच, फक्त हवा पाठवायचे अर्ध्या किलोचे पैसे वाचले.

हे सूत्र पाठ करायला लावू नका. आम्ही डब्यांचे तीन आकार ठेवले आणि त्यांना नावं दिली: लहान म्हणजे एक किलोपर्यंत, मधला दोनपर्यंत, मोठा त्यापुढे. मावशींना एवढंच लक्षात ठेवायचंय. आणि डबा बंद करायच्या आधी आतल्या मालाचा एक फोटो, ऑर्डरचा कागद शेजारी ठेवून. दोन पाकिटं मागवली आणि एकच आलं असा फोन आला तर हा फोटो बघून लगेच उत्तर देता येतं, आणि चूक आपली निघाली तर तेही लगेच कळतं. मावशींना हे असंच सांगा, की फोटो तुमच्यावर नजर ठेवायला नाही, तुमच्या बाजूने दाखवायला आहे. आमच्या एका मावशींना सुरुवातीला ते लागलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

बिल आणि हिशेब. दिवाणजी काकांना सगळ्यांसमोर शिकवल्यासारखं बोलू नका, त्यांच्याशी आदल्या दिवशी बसून घ्या आणि भाषणात फक्त मान देऊन सांगा की हे काका बघणार. त्यांना दोन गोष्टी नव्या असतात. एक, ६४० ची विक्री झाली तरी बँकेत ६४० येत नाहीत आणि त्याच दिवशी येत नाहीत. ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला पोचवणाऱ्या आमच्या गेटवेचा दर दोन टक्के, म्हणजे १२ रुपये ८० पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी २ रुपये ३० पैसे, असे १५ रुपये १० पैसे कापून ६२४ रुपये ९० पैसे येतात, तेही कामाच्या दोन दिवसांनी, बाकी ऑर्डरींच्या पैशात मिसळून. काकांना आकडा जुळत नाही म्हटलं की झोप येत नाही, म्हणून हे उदाहरण त्यांच्या वहीत लिहून द्या. विक्री पूर्ण ६४० ची धरायची आणि कापलेले पैसे खर्चाला टाकायचे.

दुसरं, माल राज्याबाहेर गेला की कर वेगळ्या खात्यात. नागपूरला सीजीएसटी आणि एसजीएसटी, बेळगावला आयजीएसटी, जरी बेळगाव आपल्याला नागपूरपेक्षा कितीतरी जवळ असलं तरी. आमच्या भागात ही गल्लत सहज होते कारण बेळगावचं गिऱ्हाईक परराज्यातलं वाटतच नाही.

पाठवणं. टेम्पोवाल्या दादांना सांगायचं की कुरियरचा माणूस साडेचारला येणार, त्याला डबे मोजून द्यायचे आणि त्याच्या यादीवर सही किंवा त्याच्या मशीनवर स्कॅन झाल्याशिवाय एकही डबा हलू द्यायचा नाही. त्याने नेला पण स्कॅन केला नाही तर तो डबा कागदावर आपल्याच गोदामात असतो, हरवला तर मागायला जागा राहत नाही.

तक्रारीचा फोन. आपल्या साइटवर विकलं तरी २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम लागतात. तक्रार बघणाऱ्या माणसाचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा, तक्रार आल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची. आमच्याकडे ते नाव माझं आहे. पण फोन कुणीही उचलेल, म्हणून सगळ्यांना एकच वाक्य दिलं: "तुमचा ऑर्डर नंबर सांगा, मी लिहून घेते, आज संध्याकाळपर्यंत तुम्हाला फोन येईल." चूक कुणाची, पैसे परत मिळतील का, यावर कुणीही काही बोलायचं नाही. वाक्य सगळ्यांकडून एकदा मोठ्याने म्हणून घ्या. लाजतात, पण म्हणून घ्या.

६. काय करायचं नाही, हे वेगळं सांगा

हे वरच्या कामात मिसळलं की विसरलं जातं, म्हणून थांबून, आवाज बदलून सांगा. तीनच गोष्टी.

स्क्रीनशॉट बघून माल द्यायचा नाही. पैसे आले हे आपल्या साइटवर किंवा आपल्या खात्यात दिसलं तरच आले. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

पैसे परत द्यायला कुणाचाही क्यूआर स्कॅन करायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. "तुमचे पैसे परत पाठवतो, पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा, कारण यूपीआयचा पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. परतावा मी साइटवरून देणार, ज्या रस्त्याने आले त्याच रस्त्याने. आणि चुकून काही गेलंच तर लपवून ठेवायचं नाही, लगेच मला सांगायचं, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करायचा. रागावणार नाही असं सगळ्यांसमोर कबूल करा आणि पाळा, कारण पहिला तास फार मोलाचा असतो आणि घाबरलेला माणूस तो घालवतो.

गिऱ्हाइकाचा नंबर, पत्ता स्वतःच्या फोनवर घ्यायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. लेबलचा फोटो ग्रुपवर टाकून "हा डबा गेला का" विचारायची सवय सगळीकडे आहे. त्याऐवजी ऑर्डर नंबर टाका.

पासवर्डबद्दल भाषणात बोलायची गरज नाही, ते आधीच करून ठेवा. काउंटरच्या पोरीला तिच्या नावाचं वेगळं खातं, `Shop manager` एवढ्याच अधिकाराचं. ऑर्डरी आणि माल तिला दिसतो, प्लगइन आणि थीम तिच्या हातात राहत नाहीत. भाव आणि वूकॉमर्सची सेटिंग मात्र या खात्यातूनही बदलता येतात, त्यांना हात लावायचा नाही हे तिला सांगून ठेवा. मालकाचं खातं चौघांत वाटलं की कुणी काय बदललं ते कधीच कळत नाही.

७. पगाराचं कुणी विचारायच्या आत बोला

मनात सगळ्यांच्या हेच असतं आणि तोंडावर कुणी विचारत नाही. आमच्याकडे मी असं सांगितलं: "वेबसाइटचं काम ठरलेल्या वेळेतच करायचं. सकाळी दहानंतर ऑर्डर आली तर ती उद्याची. दिवाळीत थांबावं लागलं तर थांबलेल्या तासांचे जादा पैसे, वहीत लिहून." तुमच्या दुकानाला दुकाने कायद्यातलं जादा कामाचं कलम लागू असेल तर जादा तासाला दुप्पट दर आहे, तुमच्या सीएला विचारून आकडा पक्का करा आणि तोच बोला. "बघू, धंदा वाढला की करू काहीतरी" हे बोलू नका. त्यापेक्षा सहा महिने काही वाढ नाही असं स्पष्ट सांगितलेलं माणसं जास्त चांगलं घेतात.

दर डब्यामागे बक्षीस ठेवायचं का हा प्रश्न आमच्या घरातही झाला. मी नको म्हटलं. डब्यामागे पैसे लावले की काउंटरवरचा माणूस म्हणतो मी का मागे राहू, आणि बांधणाऱ्याचा हात घाईत चुकतो.

८. प्रश्न काढून घ्या

"काही शंका?" असं विचारलं की सगळे गप्प. त्याऐवजी कागद एकेकाच्या हातात द्या आणि म्हणा, मावशी, हा कागद तुमच्याकडे आला, आता तुम्ही काय करणार सांगा. त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगितलं की त्यांना काय कळलं नाही ते लगेच दिसतं. आमच्या मावशींनी सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "पण मला इंग्रजी लेबल वाचता येत नाही, दोन डब्यांची लेबलं बदलली तर?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. उपाय तिथेच निघाला, ऑर्डर नंबरचे शेवटचे तीन आकडे डब्यावर मार्करने मोठे लिहायचे आणि लेबलवर तेच तीन आकडे आहेत का बघायचे. आकडे त्यांना येतात, अडलं ते फक्त भाषेवर.

जुन्या माणसांपैकी कुणी "हे आम्हाला नाही जमायचं" म्हणालं तर तिथे वाद घालू नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ फोन हाताळायला लाज वाटते एवढाच असतो. त्या माणसाला फोनशिवायचं काम द्या, मोजणं, बांधणं, कुरियरवाल्याची यादी तपासणं, आणि ते त्याच बैठकीत जाहीर करा.

९. भाषण संपल्यावर लगेच

पुठ्ठ्यावर कामाची वाटणी सगळ्यांच्या समोर लिहा, छापून आणू नका. एका ओळीत काम, वेळ, माणूस आणि तो नसेल तर कोण. हा चौथा रकाना भरल्याशिवाय उठू नका, कारण जत्रा, लग्न, आजारपण काहीही असतं आणि वेबसाइटला सुट्टी नसते. आमचा असा झाला:

- ऑर्डर बघणं: सकाळी १० आणि दुपारी ३, काउंटरची ताई, नसेल तर मी
- रॅक मोजणं: ९:३०, मोठ्या मावशी, नसतील तर धाकट्या मावशी
- बांधणं आणि फोटो: ११ ते २, दोघी मावशी, नसतील तर डंखावरचा दादा
- बिल: २ ते ३, दिवाणजी काका, नसतील तर दीर
- कुरियरला देणं: ४:३०, टेम्पोवाले दादा, नसतील तर काउंटरची ताई
- तक्रार आणि परतावा: मी, नसेन तर दीर

पहिले दोन आठवडे साइट सगळ्यांसाठी उघडू नका. ओळखीच्या दहा-पंधरा गिऱ्हाइकांनाच लिंक द्या आणि त्यांना आधीच सांगा की डबा एखादा दिवस उशिरा येईल. आठवड्यानंतर त्याच जागी, त्याच वेळी पंधरा मिनिटं परत बसा. यावेळी तुम्ही बोलू नका, पुठ्ठ्यावरच्या क्रमाने एकेकाला विचारा की कुठे थांबावं लागलं. आमच्याकडे पहिल्याच बैठकीत दोन कामांच्या वेळा बदलल्या. कुरियरवाला साडेचारला येतच नव्हता, पाचच्या पुढे यायचा, आणि काकांना बिलासाठी ऑर्डरचा कागद सकाळीच हवा होता म्हणजे जेवणाआधी त्यांचं काम उरकतं. जुनी वेळ खोडून शेजारी नवी लिहिली, बदलल्याची तारीख टाकली, आणि पुठ्ठा परत रॅकच्या वर लावला.